ब्लड कल्चरच्या बाटलीत सारखे त्वचेवरचे जंतू का उगवतायत? (सांगली-मिरज)

निळा_एप्रन

सांगलीतल्या एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. आमची कल्चर मिरजेतल्या लॅबला जातात. गेले काही महिने पॉझिटिव्ह आलेल्या बाटल्यांत निम्म्याहून जास्त वेळा रिपोर्ट 'कोग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस' असाच येतो. लॅबवाले म्हणतात, तुमचं कलेक्शन खराब. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, आम्ही बेटाडीनसुद्धा लावतो, लॅबमध्येच काहीतरी होतंय.

हे लिहायला कारण झाली एक केस. अठ्ठावन्न वर्षांचे काका, ताप आणि खोकला, छातीच्या फोटोत उजवीकडे न्यूमोनिया. दाखल झाले तेव्हा एकच बाटली घेतली होती. ३१ तासांनी मशीनने ती फ्लॅग केली, ग्रॅम स्टेनला झुपक्यातले पॉझिटिव्ह कोकाय दिसले. रात्रीच्या डॉक्टरांनी व्हँकोमायसिन चालू केलं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ०.९ वरून १.६ वर गेलं. पुन्हा पाठवलेलं कल्चर निगेटिव्ह आलं, औषध थांबवलं, काका चार दिवस जास्त राहून घरी गेले. नातेवाइकांनी विचारलं, रक्तात जंतू होते की नव्हते? कुणालाच उत्तर देता आलं नाही.

सुरुवात कुठून करू? कल्चर घेताना मी शेजारी उभी राहून बघते आहेच, पण नेमकं काय बघायचं ते सांगा.

कॅज्युअल्टी_नाइट

मॅडम, आमच्याकडे हाच त्रास होता. तीन गोष्टी करा. एक, ताप चढताना, थंडी वाजत असतानाच रक्त घ्या. दोन, शिरेतून काढल्यावर बाटलीत टोचायच्या आधी सुई बदला. तीन, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्या. बाकी सगळं नशीब.

आगरप्लेट

नशिबाचा भाग यात फार थोडा आहे. मी मायक्रोबायोलॉजिस्ट, मिरजेत बरीच वर्षं काढली, आता अर्धवट निवृत्त.

निळा_एप्रन ताई, आधी एवढं सांगा. सगळ्या दूषित बाटल्यांत कॉन्सच, म्हणजे हा कोग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकसच आहे की आणखी काही? कुठल्या वॉर्डातून जास्त येतात? एका पेशंटच्या किती बाटल्या घेता? शक्य असेल तर एक कल्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं घेतलं, जसं दिसलं तसं लिहा. सिस्टरचं नाव नको, तिच्या हातांनी काय केलं ते हवं.

आणि ते दुसरं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून पहिलं दूषित होतं असं कुणी धरलं असेल तर ते चूक आहे. दुसरं रक्त व्हँकोमायसिन चालू असताना घेतलं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तासगावकर

नमस्कार. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, द्राक्षबाग आहे. वडिलांच्या रिपोर्टमध्ये हेच लिहून आलंय, 'कोग्युलेज निगेटिव्ह'. डॉक्टर म्हणाले कंटॅमिनेशन असू शकतं. म्हणजे हॉस्पिटलनं वडिलांच्या रक्तात घाण घातली काय ओ? तक्रार कुठं करायची असते?

निळा_एप्रन

तासगावकर दादा, तसं नाही. रक्त काढताना कातडीवरचे जंतू सुईबरोबर बाटलीत गेले तर त्याला कंटॅमिनेशन म्हणतात. घाण बाटलीत जाते, पेशंटच्या अंगात नाही. बाकीचं सर सांगतील.

सर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पेशंटमागे बहुतेक वेळा एकच बाटली. जास्त करून कॉन्स, सगळ्या वॉर्डांतून थोडं थोडं. पण जुने रिपोर्ट काढून बसले तेव्हा एक नवीन दिसलं. मेडिकल वॉर्डातून 'एरोबिक स्पोअर बेअरिंग बॅसिलाय' पुष्कळदा आलंय, आयसीयूतून एकदाही नाही.

आता काल सकाळी बघितलेलं. सिस्टर चांगली आहे, आळशी नाही. टर्निकेट बांधलं, कोपराच्या घडीत शीर चाचपली. स्टीलच्या ड्रममधला स्पिरिटचा बोळा चिमट्याने काढून आतून बाहेर गोल पुसलं. मग बेटाडीनचा बोळा फिरवला. चॉकलेटी रंगात शीर दिसेना, म्हणून लगेच दुसऱ्या स्पिरिटच्या बोळ्याने बेटाडीन पुसून टाकलं. ग्लोव्हजच्या बोटाने शीर पुन्हा दाबून बघितली आणि टोचलं. पाच मिलीची सिरिंज. सुई काढून आधी जांभळ्या ट्यूबमध्ये दोन मिली, मग लाल बुचाच्या ट्यूबमध्ये एक, आणि उरलेलं कल्चरच्या बाटलीत. बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण उडवून थेट टोचली, रबर पुसलं नाही, कारण 'आतून निर्जंतुकच असतं ना'.

आगरप्लेट

असं लिहिणारी माणसं मिळाली असती तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

बॅसिलायपासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. स्पोअरवाले बॅसिलाय धुळीत, कापसात, तागात असतात, आणि अल्कोहोल त्यांच्या स्पोअरना मारत नाही. स्पिरिटमध्ये बुडालेला बोळा आपण निर्जंतुक समजतो, पण कापसातच स्पोअर असले तर ते त्या स्पिरिटमध्ये आरामात जिवंत राहतात, आणि तुम्ही तेच कातडीवर चोळता. एकाच वॉर्डातून येतायत आणि आयसीयूतून नाहीत, तर दोन्हीकडच्या वस्तूंत फरक काय ते बघा. आयसीयूत बंद पाकिटातले स्वॅब वापरत असणार. मेडिकल वॉर्डचा ड्रम ऑटोक्लेव्हला खरंच जातो की संपेल तसा वरून कापूस आणि स्पिरिट ओततात, ते मावशींना विचारा. सिस्टरना विचारून कळणार नाही. बेटाडीनच्या बाटलीचंही तेच. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत ओतत राहायचं आणि ती बाटली कधीच रिकामी होऊ द्यायची नाही, ही सवय तोडा. अँटिसेप्टिकच्या बाटलीतसुद्धा जंतू वाढल्याचे प्रकार झालेले आहेत.

आता कॉन्स. हा त्वचेचा रहिवासी. तुमच्या वर्णनात तो आत शिरायच्या चार जागा आहेत, पण सगळ्यात मोठी आहे ते पुन्हा लावलेलं बोट. ग्लोव्हज स्वच्छ असतात, निर्जंतुक नसतात. त्यांनी टर्निकेट धरलंय, ट्रॉलीचा कडा धरलाय, पेशंटची बाही वर केलीय. तेच बोट पुसलेल्या जागी ठेवलं की पुसण्याचा काही उपयोग राहिला नाही. शीर आधी चाचपायची, तिची दिशा डोक्यात ठेवायची, पाहिजे तर वर-खाली लांब पेनाने खूण करायची, आणि पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही. लावावंच लागलं तर निर्जंतुक ग्लोव्हज, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून पुसायचं.

दुसरी जागा वेळेची. बेटाडीन लावताक्षणी काम करत नाही. दीड ते दोन मिनिटं कातडीवर राहून सुकायला हवं. तुमच्या सिस्टरने ते लावलं आणि काही सेकंदांत पुसून टाकलं, म्हणजे लावलंच नाही म्हणा. म्हणून माझा आग्रह ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा आहे. तीस सेकंद पुढे-मागे जरा जोराने घासायचं, आणि मग तीस सेकंद सुकू द्यायचं. फुंकर मारायची नाही, कागदाने हलवून वारा घालायचा नाही. गोल गोल फिरवण्यापेक्षा घासणं बरं, कारण जंतू वरच्या थराच्या भेगांत बसलेले असतात. तरीही केसांच्या मुळांशी, खोल थरात असलेल्यांपर्यंत काहीच पोचत नाही, म्हणून कंटॅमिनेशन शून्य कधी होत नसतं.

बाटलीचं रबर झाकणाखाली असलं तरी निर्जंतुक नसतं. ते ७० टक्के अल्कोहोलच्या पाकिटबंद स्वॅबने पुसा आणि सुकू द्या. रबरावर बेटाडीन नको.

चौथी जागा ट्यूबची. ट्यूबची तोंडं निर्जंतुक नसतात. सिरिंजचं टोक आधी तिथे लागतं आणि मग तीच सिरिंज कल्चरला येते. एकाच सिरिंजने सगळं भरायचं असेल तर कल्चर नेहमी पहिलं.

तासगावकर, तुमच्या वडिलांचं इथे बसून कुणी सांगू नये. पण डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती बाटल्यांत उगवलं, त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून घेतल्या होत्या का, आणि वडिलांच्या अंगात काही बसवलेलं आहे का? कृत्रिम झडप, पेसमेकर, डायलिसिसची नळी, असं काही?

तासगावकर

डायलिसिस चालू आहे सर. मानेत नळी आहे. दोन्ही बाटल्यांत आलंय म्हणाले. एक नळीतून काढलेली, एक हातातून.

आगरप्लेट

मग हे प्रकरण वेगळं आहे. नळी असताना आणि दोन्ही ठिकाणी तोच जंतू असताना 'कंटॅमिनेशन' म्हणून सोडून द्यायचं नसतं. आजच किडनीच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा, कुठली बाटली आधी पॉझिटिव्ह झाली? मशीनमध्ये वेळ नोंदलेली असते. दोन्हींत सारखंच रक्त भरलेलं असेल आणि नळीतली बाटली हातातल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी फ्लॅग झाली असेल, तर जंतू नळीवर बसलेत असं धरतात. तक्रारीचं नंतर बघा. थंडी-ताप आला तर उद्यावर टाकू नका.

लॅबवाला_कराड

सर्वांना नमस्कार. टेक्निशियन आहे, जिल्हा सातारा. सरांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोडतो, जो निळा_एप्रन ताईंच्या पोस्टमध्ये लपलेला आहे. पाच मिलीची सिरिंज, तीन मिली ट्यूबना गेलं. कल्चरला किती राहिलं? दोन मिली! आणि मोठ्यांच्या बाटलीला ८ ते १० लागतं.

आमच्याकडे डॉक्टर म्हणायचे, ताप आहे, सगळं टायफॉइडसारखं आहे, कल्चर निगेटिव्ह का? मी बाटल्यांचं वजन करायला लागलो. एकाच लॉटच्या दहा न वापरलेल्या बाटल्यांचं सरासरी वजन काढलं, आणि आलेली प्रत्येक बाटली झाकणाशिवाय वजनकाट्यावर. एक मिली रक्त साधारण १.०५ ग्रॅम. एका वॉर्डातून आलेल्या बाटल्यांत फरक यायचा तीन-सव्वातीन ग्रॅम, म्हणजे तीन मिली रक्त. ते आकडे कागदावर काढून वॉर्डात चिकटवले. कुणाला बोललो नाही. महिन्याभरात फरक साडेआठच्या पुढे गेला.

टायफॉइडमध्ये एका मिली रक्तात कित्येकदा एखादाच जिवाणू असतो, तोही नसतो. दोन मिली घातले आणि त्यात एकही आला नाही, तर मशीन काय उगवणार? आणि मग विडाल करायची. विडालवर मी इथे लिहायला लागलो तर धागा भरकटेल.

कॅज्युअल्टी_नाइट

व्हॅक्यूम असतो ना बाटलीत? बाटली स्वतःच पाहिजे तेवढं ओढून घेते. आम्ही सुई टोचून सोडून देतो.

लॅबवाला_कराड

नाही डॉक्टरसाहेब. रक्ताच्या ट्यूबमध्ये व्हॅक्यूम मोजून ठेवलेला असतो, कल्चरच्या बाटलीत तो जास्त असतो. सोडून दिलं तर बारा-पंधरा मिलीही ओढते. मग पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या पेशंटमध्ये पेशीच एवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात की मशीन फसवं पॉझिटिव्ह देतं. ग्रॅम स्टेनला काहीच नाही, सबकल्चरला काहीच नाही, आणि वॉर्डातून फोन यायला लागतात. बाटली टेबलावर उभी ठेवायची, लेबलच्या कडेला मापाच्या रेघा असतात. रक्त घ्यायच्या आधीच द्रवाच्या पातळीपासून १० मिली वर स्केचपेनने खूण करायची आणि तिथे थांबायचं. डोळ्यांच्या अंदाजावर कुणाचाच भरवसा नाही, माझाही नाही.

आणि कृपा करून पेशंटचं स्टिकर बारकोडवर चिकटवू नका. ते सोलताना नखं गेली.

आगरप्लेट

कॅज्युअल्टी_नाइट, तुमच्या पहिल्या पोस्टचं राहिलं होतं. तिसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फक्त कल्चरसाठी सेप्सिसच्या पेशंटचं अँटिबायोटिक लांबवायचं नाही. पहिला मुद्दा आपण सगळे तसाच शिकलो, पण जंतू रक्तात आल्यावर थंडी वाजायला वेळ जातो, म्हणजे तापाच्या शिखरावर आपण उशिराच पोचतो. तापाशी वेळ जुळवून जास्त सापडतात असं मोजून बघितल्यावर दिसलं नाही. उपयोग होतो तो रक्त किती घेतलं याचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २० मिलीच्या पहिल्या सेटमध्ये, म्हणजे एका टोचण्याच्या बाटल्यांत, ७३ टक्के रक्तसंसर्ग सापडले, दोन सेटमध्ये ९० च्या आसपास, तीनमध्ये ९८. तुमची दोन मिली या हिशेबात कुठे बसते ते बघा.

सुई बदलण्याचं तुम्ही अर्धं बरोबर सांगताय. जुन्या अभ्यासांत कंटॅमिनेशन थोडं कमी झालेलं दिसतं. पण त्यासाठी रक्ताने भरलेली सुई हाताने काढायची आणि दुसरी लावायची. रात्री तीनला, एकटी सिस्टर, आणि पेशंटचा हिपॅटायटिस बी माहीत नाही. मी ते करायला सांगत नाही.

कॅज्युअल्टी_नाइट

मान्य, पण मग रबराला लागलेल्या सुईचं काय? आणि पहिलं एक-दोन मिली टाकून द्यायचं असं हल्ली सांगतात, ते कल्चर पहिलं या नियमाशी जुळत नाही.

आगरप्लेट

चांगला प्रश्न. सुई कातडीतून जाताना तिच्या पोकळीत कातडीचा बारीकसा तुकडा येतो आणि पहिल्या रक्ताबरोबर वाहून जातो. एकच सिरिंज असेल तर तो तिच्यात मिसळलाच, आता टाकायचं काय? म्हणून स्काल्प व्हेन, म्हणजे बारीक नळी जोडलेली सुई, वापरा. तिला आधी छोटी सिरिंज लावा, दोन-तीन मिली घ्या, ती काढून नळी चिमटा. मग निर्जंतुक २० मिलीची सिरिंज लावून कल्चरचं रक्त घ्या. पहिल्या सिरिंजमधलं टाकायचंही नाही, ते जांभळ्या आणि लाल ट्यूबला. अशाने दोन्ही नियम पाळले जातात, कारण ट्यूबला लागलेली सिरिंज बाटलीच्या जवळ येतच नाही.

भरण्याचा क्रम एवढाच: सिरिंजने भरताना अ‍ॅनेरोबिक बाटली, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंची, आधी, म्हणजे सिरिंजमधली हवा तिच्यात जात नाही. पण रक्त कमी मिळालं तर आधी एरोबिक पूर्ण भरा. सुडोमोनास आणि कँडिडा अ‍ॅनेरोबिकमध्ये नीट वाढत नाहीत, आणि आपल्याकडे तेच जास्त महाग पडतात. रक्त सिरिंजमध्ये ठेवून पेपर लिहीत बसू नका, गोठतं.

एनआयसीयू_सिस्टर

सर, हे सगळं मोठ्यांचं झालं. आमचं बाळ बाराशे ग्रॅमचं असतं. शीर एक मिळाली तर मिळाली. आम्ही कॅन्युला लावतानाच तिच्यातून कल्चर घेतो. दोन ठिकाणांहून टोचायचं कसं? आणि क्लोरहेक्सिडीनने बाळाची कातडी भाजल्यासारखी होते, मी बघितलंय.

आगरप्लेट

सिस्टर, कातडीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यातही कमी दिवसांच्यांना, अल्कोहोलवाल्या क्लोरहेक्सिडीनने भाजल्याच्या केसेस आहेत. तुमच्या नवजात तज्ज्ञांनी ठरवलेलंच वापरा, थोडं वापरा, आणि ते पाठीखाली साचून राहिलं नाही ना ते बघा. रक्ताचं प्रमाण बाळाच्या वजनावर ठरतं, पण एक मिलीपेक्षा कमी नको, आणि बाटली मुलांची घ्या, ती साधारण १ ते ३ मिलीसाठी असते. मोठ्यांच्या बाटलीत अर्धा मिली टाकून काही होत नाही.

कॅन्युलाचं मी ठाम सांगणार नाही. मोठ्या मुलांच्या कॅज्युअल्टीत कॅन्युलाऐवजी वेगळं टोचून घेतल्यावर कंटॅमिनेशन ९ टक्क्यांवरून ३ च्या खाली आल्याचं एक काम आहे. पण तिथे शीर मिळत होती. आधीपासून चालू असलेल्या कॅन्युलातून मात्र कधीच नको.

एनआयसीयू_सिस्टर

चालू असलेल्यातून आम्ही घेत नाही. पण रोज दुसरं टोचायला मी तयार होणार नाही सर, तुम्ही एकदा येऊन ते हात बघा.

विश्रामबाग_क्लिनिक

छोटं नर्सिंग होम चालवतो. सगळं पटतं, पण दोन सेट म्हणजे चार बाटल्या, आणि पेशंट विचारतो, एकाच तपासणीचे चारदा पैसे कशाला? उसाचा हप्ता यायचा असतो. आमच्याकडे एकच बाटली परवडते. त्यात नीट दहा मिली घेतलं तर पुरेसं नाही का?

आगरप्लेट

दोन मिलीच्या एका बाटलीपेक्षा दहा मिलीची एक बाटली नक्कीच बरी. पण तीत कॉन्स उगवला तर तुम्ही निळा_एप्रन ताईंच्या त्या काकांच्या जागी येता. एका बाटलीवरून दूषित की खरं ते कळत नाही. ३१ तास हा आकडाही निकाल देत नाही. खरे जंतू बहुधा चोवीस तासांच्या आत येतात, पण दोन्हीकडे अपवाद पुष्कळ. त्या काकांच्या डाव्या आणि उजव्या हातातून एकेक बाटली असती आणि एकीत कॉन्स, दुसरीत काहीच नाही, तर रात्रीच्या डॉक्टरला थांबायला आधार होता. म्हणून परवडत नसेल तर एका हातातून एक आणि दुसऱ्या हातातून एक, अशा दोन एरोबिक बाटल्या तरी घ्या. व्हँकोमायसिनचे तीन दिवस आणि चार दिवसांची खाट यांचं बिल दुसऱ्या बाटलीशेजारी ठेवून बघा.

विश्रामबाग_क्लिनिक

ते बिल वाचवणारा आणि बाटलीचे पैसे देणारा पेशंट एकच असता तर प्रश्न नव्हता. शंभरातल्या नव्वद लोकांची बाटली निगेटिव्हच येते. असो. दोन बाटल्या करून बघतो.

निळा_एप्रन

उशिरा लिहिते, माफ करा. काय केलं ते सांगते.

मावशींना विचारलं. मेडिकल वॉर्डचा ड्रम आठवड्यातून एकदा ऑटोक्लेव्हला जायचा, मधे कापूस आणि स्पिरिट वरून. आयसीयूत पाकिटातले स्वॅब. सरांनी न बघता ओळखलं. कल्चरसाठी ड्रम बंद केला. एका प्लॅस्टिक पिशवीत किट बांधून ठेवतो: क्लोरहेक्सिडीनचं स्वॅब, रबरासाठी दोन अल्कोहोल स्वॅब, स्काल्प व्हेन, छोटी आणि मोठी सिरिंज, खूण केलेल्या दोन बाटल्या. तेव्हापासून बॅसिलाय एकदाही नाही आला.

कॉन्स कमी झालाय, पण गेलेला नाही. आधी शंभर बाटल्यांमागे आठ-नऊ दूषित असायच्या, आता चार-पाच. वेळेप्रमाणे वेगळं काढलं तर दिवसाचं प्रमाण दोनच्या आसपास आहे, उरलेलं सगळं रात्रीचं. रात्री मी स्वतः थांबले. तीस सेकंद घासतात, पण सुकण्याचे तीस सेकंद कुणी थांबत नाही, आणि शीर सापडली नाही की बोट जातंच. एक सिस्टर म्हणाली, 'ताई, तीन खाटांच्या बेल वाजत असतात, तीस सेकंद लई मोठे असतात.' यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सर, आमच्या व्यवस्थापनाला कुठला आकडा दाखवू? तीन टक्के पुरे का?

आगरप्लेट

तीन टक्क्यांच्या खाली ही जुनी मर्यादा. लॅबची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शकात सगळं नीट करणाऱ्यांनी एक टक्क्याचं लक्ष्य ठेवावं असं आहे. पण आकडा दाखवताना मोजणी बाटल्यांची की सेटची ते आधी ठरवा, आणि आधीचे एका बाटलीचे महिने नंतरच्या दोन बाटल्यांशी सरळ ताडून बघू नका. एका बाटलीच्या काळात तुम्ही दूषित म्हणून मोजलेले काही कदाचित खरे असतील. दिवस-रात्रीचा तक्ता मात्र नक्की दाखवा. रात्री फक्त कल्चर आणि रक्त घ्यायला एक फिरता टेक्निशियन ठेवला तर फरक पडतो. तो ठेवतील का, हे मला सांगता येत नाही.

जतचा_पाहुणा

आमचं कलेक्शन सेंटर आहे जतला. बाटल्या मिरजेला पाठवायला दुसरा दिवस उजाडतो. खराब होऊ नयेत म्हणून आम्ही रात्रभर इन्क्युबेटरला ३७ वर ठेवतो. फ्रीजपेक्षा बरं ना?

लॅबवाला_कराड

फ्रीजमध्ये तर नकोच, पण इन्क्युबेटरमध्येही नको हो. मशीन वाढीचा चढ बघत असतं. जंतू तुमच्याकडे रात्रीच वाढून बसले तर सकाळी मशीनमध्ये गेल्यावर चढ दिसतच नाही आणि बाटली निगेटिव्ह निघू शकते. खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब ठेवा, आणि होता होईल तो दोन तासांत, फार तर चार तासांत मशीनमध्ये जाईल असं बघा. जतहून दुपारच्या एसटीने पाठवता येत नाही का? गाडीच्या काचेखाली मात्र ठेवू देऊ नका, मे महिन्यात तिथे चहा उकळेल. उशीर झालाच तर रक्त घेतल्याची वेळ बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे लॅबवाला लोड करायच्या आधी ग्रॅम स्टेन आणि सबकल्चर लावून ठेवेल.

जतचा_पाहुणा

एसटी अडीचला आहे. ड्रायव्हरशी बोलतो. सकाळच्या पेशंटचं होईल, संध्याकाळच्यांचं काय करायचं ते बघावं लागेल.